शाळेच्या डबा-समितीस अनावृत पत्र

माननीय डबा-समिती,


'प्रिय मातांनो' असं सुरू होणारं आपलं परिपत्रक माझ्या हाती पडलं, याबद्दल क्षमस्व. आमच्या घरी सकाळी सव्वासहाला ओट्यापाशी प्रिय पिता उभा असतो. डबा गरमागरम भरावा, तो दुपारी बाराला ताजा असावा आणि दोन आठवड्यांत एकही पदार्थ पुन्हा येऊ नये, ही आज्ञा शिरसावंद्य.

पहिल्या दिवशी शब्दशः पाळली. पोळी तव्यावरून थेट डब्यात. संध्याकाळी पाहतो तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब आणि तळची पोळी भिजल्या टीपकागदासारखी. म्हणजे आपलं 'गरमागरम' हेच 'ताजं'च्या मुळावर आलं होतं. आता पोळ्या जाळीवर सुट्या पसरतो, भाजी ताटलीत. हाताला गरम लागेनाशी झाली की मगच झाकण. दहा मिनिटं जातात. तेवढ्यात मुलाचा हरवलेला मोजा सापडतो.

दहीभाताने मात्र दोनदा नाक कापलं. सकाळी दही कालवलं की बारापर्यंत आंबट ढाण. शेवटी आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, दही कालवतोस कशाला? दूध कालव." सकाळीच शिजवलेला भात पसरून कोमट करायचा, वाटीभर भाताला पाऊण वाटी कोमट दूध आणि विरजणापुरतं चमचाभर दही. फोडणी गार करून वरून. विरजण डब्यातच लागतं आणि सुट्टीपर्यंत भात गोडसर राहतो. काकडी घालायची नाही. मिठाने पाणी सुटतं. कालचा उरलेला भात तर नाहीच, तो आधीच अर्ध्या वाटेवर असतो.

आता दोन आठवड्यांचा हिशेब. शनिवारी सुट्टी, म्हणजे डबे दहा. मी रोज नवा पदार्थ शोधणं सोडलं, पीठ बदलायला लागलो. बटाट्याची भाजी-पोळी झाली की भाजणीचं थालीपीठ, मग इडली, ज्वारीचे धपाटे आणि शुक्रवारी तो दहीभात. दुसऱ्या आठवड्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, घावन, दुधात भिजवलेली गुळाची दशमी, कोथिंबीर वडी, सांजा. इडलीबरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी देत नाही, उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत उतरते. दाण्याची कोरडी चटणी तेलात कालवून देतो. पोहे आणि साबुदाण्याची खिचडी यादीत नाहीत. पोहे गार झाले की वातड होतात आणि खिचडीचा गोळा चमच्याला दाद देत नाही.

दहाही डबे चाटूनपुसून परत आले. मी खूश. मग चिरंजीवांनी सांगितलं की डबा शेजारचा मुलगा खातो. आमचा त्याच्या डब्यातला तूप-साखर पोळीचा गुंडाळा खातो. रोज तोच. दहाही दिवस.

त्या मुलाच्या घरी आपलं परिपत्रक पोहोचलं नसावं. कृपया पोहोचवू नये.

आपला,
एक प्रिय माता (प्रभारी)