छापून बघा

प्रत्येक गावात असा एक गृहस्थ असतो. मंडळ जन्माला येण्याआधीच तो त्याच्या बारशाला हजर! साताऱ्यात हा मान आमच्या अण्णांचा. एसटीत कंट्रोलर होते. उभा जन्म स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेला. निवृत्तीनंतर पुकारायला काही उरलं नाही, तेव्हा ते नावं ठेवू लागले. म्हणजे दोन्ही अर्थांनी.

त्यांना कुठलंही नाव सांगा, ते नाही म्हणत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "तसं चांगलंय. पण छापून बघा."

शेजारच्यांनी नातवाचं नाव सांगितलं, तर म्हणाले, "मागे चि. लावून छापून बघा, पंचवीस वर्षांनी पत्रिकेत येणारंय." मी घराला 'मातृछाया' म्हणायचं ठरवलं. त्यांनी छापून बघायला लावलं आणि च्छ नाही म्हणून नापास केलं. च्छ घालायला पाटीवाला जादा पैसे मागू लागला. घर बिननावाचंच राहिलं. पत्रं येतात, बिलंही येतात.

खरा छळ सुरू होतो गणपतीच्या आधी. माहुलीच्या रस्त्याकडच्या कॉलनीतल्या पोरांनी ढोल-ताशा पथक काढलं. ढोल घेतले, ताशे घेतले, झेंडा शिवला आणि नाव आणलं 'रुद्रगर्जना'. अण्णांनी ते मोठ्यानं पुकारलं, विनाथांबा सांगली गाडी पुकारावी तसं. मग म्हणाले, "आधीच्या दोन मंडळांनी पण गर्जनाच केलीय. मिरवणुकीत तीन गर्जना आल्या की लोकांना कोण गेलं आणि कोण यायचंय तेच कळायचं नाही."

पोरं चिडली. "मग पुण्यातली पथकं?"

"पुण्यातली जुनी पथकं शाळेच्या नावानं ओळखतात. रमणबाग, ज्ञानप्रबोधिनी. त्यांना गर्जावं लागलं नाही. आपल्याकडं गावात हलगी-घुमकं वाजलं तर ते भैरोबाच्या देवळाचं असायचं आणि भजनी मंडळ म्हणजे देव अधिक गाव. 'श्री भैरवनाथ भजनी मंडळ, मुक्काम पोस्ट अमुक.' सगळा गाव त्यातच, मग वेगळं नाव कशाला? तुम्ही कॉलनीतली पोरं. एक माणचा, एक कराडचा, एक तासगावचा. देव सगळ्यांचे वेगळे. म्हणून नाद, रुद्र, शिव असली कुणाचीच नसलेली नावं घेता."

पटलं असूनही मी मान हलवली नाही. मान हलवली की ते तासभर थांबत नाहीत.

मग परीक्षा सुरू झाली. पत्रिकेत पथकाची ओळ सगळ्यात खाली येते. वर कुलदैवतं, मग वधूवर, मग मामा-आत्यांची रांग, शेवटी 'मिरवणूक : सायं. 5 वा.' आणि तिच्यासमोर उरलेल्या जागेत पथक. तिथं टाइप बारीक, कागद चकचकीत आणि वाचणारा चष्मा शोधतोय. म्हणून अण्णांचा नियम असा, की नाव दोन शब्दांचं हवं, जोडाक्षर फार तर एक आणि रफार शक्यतो नकोच. जुन्या फॉन्टची फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली की रफार एक घर पुढं सरकतो. तरी पोरांनी हट्टानं 'रुद्रगर्जना' छापून बघितलं. प्रेसमधून नमुना आला : 'रुद्रगजर्ना ढोल-ताशा पथक'.

अण्णा इतके खूश झाले की चहा त्यांनी सांगितला.

पुढचं नाव 'नौबत'. जुनं, दमदार, रफार नाही. पण पहिली सुपारी लग्नाची, आणि वधूची आजी म्हणाली, "लग्नाच्या पत्रिकेत नौबत? अजून काही झालं नाही तोवरच?" नौबत बाद झाली. मग 'कृष्णाकाठ'. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुणाचीच हरकत नाही, नदी एकच. छापल्यावर ताशावाला म्हणाला, "अण्णा, वांग्याची आठवण येते हो." सगळ्यांनाच आली.

शेवटी त्या चुकलेल्या नमुन्यानंच मार्ग दाखवला. 'गजर्ना'तलं ना खोडलं, वरचा रफार खाली उतरवून त्याचा र केला, राहिला गजर. देवळातही चालतो, मिरवणुकीतही चालतो. मागे गाव जोडलं : 'माहुलीचा गजर'. गावाचं नाव आहे म्हणून जुनं वाटतं, पथकाला असं कुणी म्हणत नाही म्हणून नवं. एकही जोडाक्षर नाही. कॉलनीतल्या एका काकांनी तेवढी तक्रार केली, की गजर पहाटे होतो, हा रात्री दहापर्यंत होतोय. ती अण्णांनी नोंदवून घेतली, कंट्रोलर घेतात तशी.

एवढ्यावर हा माणूस फक्त वैतागाचा ठरला असता. पण त्यांची मुलगी सांगलीला दिली आहे आणि मीही एकदा त्यांच्याबरोबर तिकडं गेलो. विश्रामबागेकडच्या एका सोसायटीतल्या बायकांनी भजनी मंडळ काढलं होतं. नाव हवं होतं. त्यांच्या मनात होतं 'स्वरांजली'.

"स्वरांजली गाण्याच्या क्लासला आहे, ऑर्केस्ट्रालाही आहे," अण्णा म्हणाले. "संत बायकांची नावं घ्या. मुक्ताई, जनाई पुष्कळांनी घेतलीत. सोयरा घ्या. चोखोबांच्या सोयराबाई. मंगळवेढं इथून काही लांब नाही. 'सोयरा महिला भजनी मंडळ, सांगली'."

मला नाव एकदम आवडलं. अण्णांसमोर बोललो नाही. एक बाई हसून म्हणाल्या, लग्नाच्या पत्रिकेत व्याह्यांकडचे वाटतील. अण्णा म्हणाले, वाटू द्या, मान मिळेल. मग दुसऱ्या बाई म्हणाल्या, "नाव छानच आहे हो. पण..."

त्या 'पण'च्या पुढं काही आलं नाही. तिसऱ्या बाईंनी पोहे आणले. सगळ्यांनी पोह्यांचं कौतुक केलं. मी अण्णांकडं बघत होतो, की आता ते छापून बघा म्हणतील. ते बोलले नाहीत. पोहे खाल्ले, पाणी प्यायले आणि उठले. परतीच्या गाडीत कराडपर्यंत गप्प होते. मला त्यांच्या बडबडीची सवय लागली आहे, हे मला त्या दिवशी कळलं आणि ते कळायला नको होतं.

आषाढीला सांगलीहून पत्रिका आली. 'स्वरांजली महिला भजनी मंडळ'. आत अभंगांची यादी, प्रत्येकापुढं कंसात संतांचं नाव : तुकाराम, नामदेव, एकनाथ. शेवटी भैरवी. किशोरीताईंनी गाऊन घरोघर पोहोचवलेला सोयराबाईंचाच अभंग. त्याच्यापुढं कंस नव्हता.

अण्णांनी फोन लावला. पलीकडून सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "अण्णा, नाव घालायचं होतं, पण ओळीत जागाच नव्हती हो."

अण्णांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि पत्रिकेवर ठेवली.

"पाऊण इंच जागा आहे," ते म्हणाले. "बाईंना अर्धा पुरतो."