मला चित्रातलं काही कळत नाही, पण...

दिल्लीतल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या गणपतीत हे काका असतातच. आरतीत कोणाचा ठेका चुकला की मागे वळून बघणारे, प्रसादाच्या रांगेचं विनाकारण नियोजन करणारे. आयुष्य केंद्र सरकारात गेलं, उपसचिव म्हणून निवृत्त झाले. आता द्वारकेत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात, पण ओळख करून देताना सांगतात, "आम्ही मूळचे साताऱ्याचे, पण खरे सरोजिनी नगरचे." तिथलं सरकारी क्वार्टर सुटून जमाना झाला. तरी भाजी द्वारकेची बेचव आणि कडाक्याची थंडी फक्त सरोजिनी नगरातच पडायची, यावर ते ठाम आहेत.

तर या काकांना चित्रातलं काही कळत नाही. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणतात, आणि म्हणून झालं की चित्रावर बोलायला सुरुवात करतात. मंडळाच्या नाटकाचा पडदा रंगवला, तेव्हा विंगेत येऊन म्हणाले, "मला चित्रातलं काही कळत नाही, पण हा डोंगर आपल्याकडचा नाही." पडद्याचा खर्च मंजूर करायच्या बैठकीत म्हणाले, "मला चित्रातलं काही कळत नाही, पण एवढं निळं कोणाला लागतं?" एकदा जयपूर हाउसच्या आधुनिक कला संग्रहालयात मंडळाची सहल नेली होती. अमृता शेरगिल यांच्या 1935 सालच्या 'थ्री गर्ल्स'समोर सगळे भक्तिभावाने उभे. काका पुढे वाकून म्हणाले, "मला चित्रातलं काही कळत नाही हं, पण या तिघी एकमेकींशी बोलत का नाहीत?" त्या चित्राबद्दल याहून नेमका प्रश्न मी कोणाकडून ऐकलेला नाही. पण हे त्या वेळी मी कबूल केलं नाही. करणारही नव्हते.

याच काकांची पंचाहत्तरी आली आणि मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांचं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं. मी वैशालीला राहते, पुस्तकांची आणि माणसांची चित्रं काढते. जाड रेघ, तीन-चार सपाट रंग, चेहऱ्यात जे ठळक असेल ते आणखी ठळक, असं माझं काम. काकांना नमुने दाखवले. "हेच हवं," ते म्हणाले, "फोटोसारखं अजिबात नको." आणि दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा, "सेंट्रल हॉलमधले देऊस्करांचे टिळक बघितलेस ना? बघणारा आपोआप सरळ उभा राहतो. तसं काहीतरी."

जाड रेघेत देऊस्कर! बरं.

त्यांनी मला ओळखपत्राचा फोटो पाठवला. तो मी बाजूला ठेवला आणि गणपतीत काका मंडपवाल्याशी हुज्जत घालत असताना मीच काढलेला फोटो समोर घेऊन कच्चं चित्र केलं. काळ्या रेघा, एक करडा रंग, बस. रंग भरायच्या आधी कच्चं दाखवायचं कारण साधं आहे. या टप्प्यावर नाक हलवायला दहा मिनिटं लागतात, रंग भरल्यावर अख्खी दुपार.

काकांचा निरोप आला, आवाजात रेकॉर्ड केलेला. "मला चित्रातलं काही कळत नाही, पण मजा नाही आला." चाळीस वर्षं दिल्लीत राहिलेल्या मराठी माणसाची मजा पुल्लिंगी होते. "जान नाही त्यात. थोडी रौनक आण. आणि काकूंना विचारलं, ती म्हणाली ठीक आहे, म्हणजे तुला कळलंच असेल."

आता 'रौनक आण' हे ऐकून जो चित्रकार लगेच पेन्सिल उचलतो, तो महिनाभर रौनक आणतच बसतो. आधी अधिक काळं करतो, मग अधिक हसरं, शेवटी मागे सूर्य काढतो. 'कसं वाटलं?' हा प्रश्नसुद्धा कामाचा नाही. त्याला 'छान' किंवा 'मजा नाही आला' एवढीच दोन उत्तरं आहेत. विचारायचं ते असं, की उत्तर देताना बोट ठेवावंच लागेल.

मी चित्राची ए-फोर कागदावर मोठी प्रत काढली आणि मेट्रोने द्वारका गाठली. काकांना म्हटलं, तळहाताने चित्रातले डोळे झाका. आता उरलेला चेहरा तुमचा वाटतो का? मग डोळे उघडे ठेवून तोंड झाका. जो भाग झाकल्यावर बाकीचं चित्र बरं दिसायला लागतं, बिघाड त्या भागात असतो. काकांनी डोळे झाकले, तोंड झाकलं, कपाळ झाकलं, आणि म्हणाले, "मला चित्रातलं..." वगैरे वगैरे.

मग माझी नजर त्यांच्या टेबलावरच्या हिरव्या पेनावर गेली. सचिवालयाची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पेनाचं मोल कळेल. तिथे निळी-काळी शाई सगळ्यांची, हिरवी किंवा लाल फक्त सहसचिव आणि त्यावरच्यांनी वापरायची, तीही क्वचित. काका उपसचिवावर थांबले. दोन पायऱ्यांसाठी हिरवी शाई राहून गेली. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरवं पेन आणलं, आणि तेव्हापासून दूधवाल्याचा हिशेबसुद्धा हिरव्यात होतो.

मी चित्राच्या डाव्या बाजूला फाइलीतल्या टिपणीसारखा समास आखला. "काका, मत नको. या कागदावर टिपणी लिहा. जिथे हरकत आहे तिथे खूण करा, खुणेला अक्षर द्या, समासात काय हवं ते लिहा." काकांनी चष्मा लावला. खुर्ची पुढे ओढली. माणूस बदललाच. दहा मिनिटं घरात कोणी बोललं नाही.

कागद परत आला तो असा. क: डोळे निर्जीव. ख: नाकापासून ओठांपर्यंतच्या रेघांमुळे वय वाढते. ग: भांग चुकीच्या बाजूस. घ: मान वाकडी आहे, सरळ करावी. खाली सही, तारीख.

ज्याला चित्रातलं काही कळत नाही, त्याच्याकडून चार नेमक्या हरकती! त्यांचं कामात रूपांतर मी तिथेच त्यांच्यासमोर लिहिलं, कारण हरकत त्यांची असली तरी उपाय माझा असतो, आणि त्यावर त्यांचा होकार हवा. डोळ्यांसाठी दोन गोष्टी: बुबुळात प्रकाशाचा पांढरा ठिपका, आणि खालची पापणी किंचित वर. माणूस मनापासून हसतो तेव्हा गाल वर चढतो आणि खालची पापणी उचलली जाते. नुसतं तोंड हसलं तर चित्र निवडणुकीच्या पोस्टरसारखं दिसतं. ओठांजवळच्या रेघा बाहेरच्या रेघेइतक्याच जाड झाल्या होत्या, त्या निम्म्या करायच्या. पुसायच्या नाहीत, नाहीतर पंचाहत्तरीच्या अंकात पस्तिशीचा माणूस छापला जाईल.

भांगावर मात्र मी नकार लिहिला. काका स्वतःला रोज आरशात बघतात आणि आरशात भांग दुसऱ्या बाजूला असतो. अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली हे तपासलं होतं. माणसांना स्वतःचा आरशातला उलटा चेहरा जास्त आवडला, त्यांच्या मित्रमैत्रिणींना सुलटा. म्हणून चित्र ज्याचं आहे तो आणि ते बघणारे यांचं सहसा जमत नाही. स्मरणिका बघणारे दुसरे होते. काकांनी समासात लिहिलं, 'ग: मान्य.' हिरव्या शाईत.

घ बद्दल वाद नव्हता. मान सरळ करा, इतकी स्वच्छ सूचना गिऱ्हाइकाकडून क्वचित मिळते. मी सरळ केली.

दुसरं चित्र पाठवलं. डोळे जिवंत, रेघा हलक्या, मान ताठ. उत्तर लगेच आलं. "मला चित्रातलं काही कळत नाही, पण हा मी नाही."

मी पुन्हा द्वारका गाठली. या वेळी कुठलाही भाग झाकून फरक पडेना. झाकून बिघाड सापडत नाही, तेव्हा तो नाकाडोळ्यांत नसतो, चेहऱ्याच्या एकूण ठेवणीत असतो. त्याची परीक्षा वेगळी. दोन्ही चित्रं पोस्टाच्या तिकिटाएवढी लहान केली आणि सोसायटीच्या गार्डला दाखवली. पहिलं बघून तो म्हणाला, "ये तो अपने साहब हैं।" दुसरं बघून म्हणाला, "कोई नेताजी हैं क्या?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. काकू थालीपीठ थापता थापता म्हणाल्या, "अगं, यांची मान सरळ असते कधी? उजव्या कानाने ऐकू येत नाही. डावा कान पुढे करून बोलतात. चाळीस वर्षं बघतेय."

काका पेपरात तोंड घालून बसले. मग काकूच सांगत राहिल्या. ऑफिसात कोणाला कळू दिलं नाही. बैठकीला सगळ्यांत आधी जायचे आणि टेबलाचं असं टोक धरायचे, की सगळे डाव्या हाताला येतील. लोक म्हणत, साहेब वक्तशीर. मंडळातही ते म्हणूनच असे वाकून, कपाळाला आठ्या घालून ऐकतात. आम्हाला वाटायचं, प्रत्येक गोष्टीवर शंका घेतायत. त्या तीन मुली एकमेकींशी बोलत का नाहीत, हा प्रश्न नेमका याच माणसाला पडला होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

चष्म्याच्या दुकानात भिंगं बदलून 'हे बरं की ते?' विचारतात, तसं मी दोन कागद पुढे ठेवले. डोळे तेच, रेघा त्याच, फरक फक्त मानेचा. दोन चित्रांत दोन फरक असले तर निवड कशामुळे झाली ते कळत नाही. काकूंनी क्षणात तिरक्या मानेवर बोट ठेवलं. काकांनी सरळ मानेचा कागद बराच वेळ हातात धरला. मग तो खाली ठेवला, दुसरा उचलला, पेनाचं टोपण काढलं आणि समासात लिहिलं: 'पूर्वपृष्ठावरील घ मागे घेण्यात येत आहे.'

स्मरणिका तशीच छापली गेली. मुखपृष्ठावर काका मान तिरकी करून, खालच्या पापण्या उचलून समोरच्याचं ऐकतायत. मंडळात ज्याने त्याने सांगितलं की अगदी बोलतील असं वाटतं. काकांनी स्वतः पन्नास प्रती जास्त मागवल्या आणि कुरिअरने साताऱ्याला पाठवल्या. छपाईच्या बिलावर शेरा आहे, 'कागद अधिक चांगला चालला असता.'

तेव्हा, चित्र काढून घ्यायचं असेल तर कृपा करून ओळखपत्राचा फोटो पाठवू नका. कोणाशी तरी हुज्जत घालताना घरच्यांनी काढलेला पाठवा, आणि पहिला कच्चा कागद हाती आला की आधी तो त्यांनाच दाखवा.