खाडीच्या कोणत्या काठावर?

गेल्या आठवड्यात मुंबईहून आलेल्या भाच्याने राजिवड्यात उभे राहून फोनवर पावसचा रस्ता काढला. नकाशाने त्याला भाट्याच्या बाजूला बसवले. म्हणजे मधली काजळीची खाडी ओलांडून झाली आणि भाट्याचा पूल रस्त्यात उरलाच नाही! तो म्हणाला, "मामा, जीपीएस बिघडलंय." बिघडले काहीच नव्हते. नकाशाने पहिल्यांदा परवानगी मागितली, तेव्हा त्याने `Approximate` निवडले होते.

ही निवड आयफोनवर २०२० मध्ये आली, अँड्रॉइडवर २०२१ मध्ये. `Precise` दिले की ॲपला तुमची जागा काही मीटरच्या फरकाने कळते. `Approximate` दिले की फोन स्वतःच ती जागा पुसट करून पुढे देतो आणि खरी जागा ॲपपर्यंत पोचतच नाही. अँड्रॉइडवर हा अंदाज साधारण ३ चौरस किलोमीटरचा असतो. तेवढे वर्तुळ काढले तर मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम एक किलोमीटर भरते. सपाट गावात एवढे चालून जाईल. पण राजिवडा आणि भाट्ये दोन्ही त्याच वर्तुळात येतात, आणि नकाशा चुकीचा काठ धरू शकतो. आयफोनवर तर हा अंदाज कित्येक किलोमीटरचाही असतो.

खरेच जीपीएस कमजोर आहे की परवानगीच अर्धी आहे, हे ओळखणे सोपे आहे. चिऱ्याच्या घरातून अंगणात या, आभाळ मोकळे दिसू द्या, मिनिटभर थांबा. नकाशावरचे निळे वर्तुळ आकसून त्याचा ठिपका झाला, तर दोष भिंतींचा होता. वर्तुळ तेवढेच मोठे राहिले, तर परवानगी तपासा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये नकाशाच्या ॲपची लोकेशन परवानगी उघडा आणि `Use precise location` चालू करा. आयफोनवर त्याच जागी `Precise Location` असते.

अंदाजे परवानगीवर नकाशा अगदीच निकामी होत नाही. ठिकाण शोधता येते, जवळचा पेट्रोल पंप साधारण कळतो, आणि सुरुवातीची जागा हाताने टाकली तर रस्ताही दिसतो. मात्र "पुढे डावीकडे वळा" हे वळणावळणाचे मार्गदर्शन त्यावर चालत नाही, कारण वळण कधी आले हेच नकाशाला कळत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. रस्ता दाखवणाऱ्याला अचूक जागा द्या, तीही ॲप वापरात असेपर्यंतच. हवामान सांगणाऱ्या ॲपला अंदाजे जागा पुरते, कारण पाऊस राजिवड्यात आणि भाट्यात एकच पडतो. टॉर्चच्या ॲपने जागा मागितली तर त्याला साफ नाही म्हणा.

भाच्याने ते एक बटण चालू केले. ठिपका खाडी ओलांडून राजिवड्यात परतला आणि पूल रस्त्यात आला.