तिखट नको असलेले पाहुणे

वऱ्हाडातली लग्नपत्रिका लोकांनी यावं म्हणून छापत नाहीत. येणारे तसेही येतात. ती छापतात रुसवे टाळायला. आमच्या भाच्याच्या पत्रिकेत निमंत्रक, विनीत, स्वागतोत्सुक आणि व्यवस्थापक मिळून निम्मं अचलपूर होतं. पत्ता मात्र 'बस स्टँडमागे' एवढाच.

कॅलिफोर्नियातल्या आतेबहिणीची पोरं मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. त्यांच्यासाठी इंग्रजी मजकूर करायचं माझ्याकडे आलं. मी आधी नावं काढली. मोठे काका चष्मा सावरत म्हणाले, "बापूचं नाव राह्यलं तं थो मांडवात येईन काय?" मी म्हटलं, "काका, हे अमेरिकेले चाललं, बापूच्या घरी नाही." तरी बापू राहिलेच.

मग तारीख. पत्रिकेत ५/१२ होतं, म्हणजे आपला ५ डिसेंबर. तिकडे आधी महिना वाचतात. पोरं १२ मेच्या उन्हात परतवाड्याला उतरली असती. म्हणून महिना अक्षरांत लिहिला, वारासकट.

मुहूर्त सायंकाळी ६ वाजून ३५ मिनिटांचा. घरबसल्या पाहणाऱ्यांसाठी तिथली वेळही दिली. डिसेंबरात कॅलिफोर्निया आपल्या साडेतेरा तास मागे असतं, म्हणजे त्याच दिवशी पहाटे ५ वाजून ५ मिनिटं. पण वरात मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नाचत यायची होती, आणि नाचणाऱ्यांना मिनिटं कळत नाहीत. शेवटी कंसात लिहिलं: दीड तास उशिरा उठलं तरी चालेल.

रस्ता सांगणं सगळ्यात अवघड. नकाशात अचलपूर रेल्वे स्टेशन दिसतं. ते आहेही, गाडी नाही. मूर्तिजापूरहून येणारी आपली शकुंतला कधीचीच बंद पडली आहे, हे नकाशाला काय माहीत! म्हणून लिहिलं: नागपूरला विमानातून उतरा, अमरावतीमार्गे गाडीनं चार-पाच तास धरा, आणि एसटीनं आलात तर पाटी परतवाड्याची पाहा, गावं दोन, पण चिकटलेली. रात्री सातपुड्याकडून गारठा येतो, स्वेटर आणा.

'कृपया आहेर आणू नये' हे मी जसंच्या तसं घातलं. मामी कळवळली, "अरे बाबू, थे खरंच नाही आणणार नं!" आपल्याकडे ती ओळ वाचून पाकीट जरा जाड करतात. चर्चेअंती ओळ गाळली.

सर्वांत शेवटी, किती जण येणार ते कळवा, असं लिहिलं. काकांना हे अपमानास्पद वाटलं; पाहुण्याला येता का विचारतात होय? पण आचाऱ्याला आकडा हवाच होता. चार दिवसांत उत्तर आलं: मोठे दोन, लहान एक, आणि तिघांनाही तिखट नको.

काकांनी ते दोनदा वाचून घेतलं. "मंग येऊन रायले कायले?"