फेरी कापली, खर्च वाढला

शहर बससेवेच्या तोट्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ‘बस तर तुडुंब भरलेली असते, मग तोटा होतोच कसा?’ आणि त्यावरचा तोडगाही ठरलेला असतो : ‘रिकाम्या फेऱ्या बंद करा.’ प्रश्न रास्त आहे. तोडगा मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकतो हे कागद-पेन्सिल घेऊन दाखवता येतं.

पुण्यातली एक मोठी सीएनजी बस घेऊ. शिवाजीनगरहून हिंजवडीकडे जाणारी. पुढचे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, पण अशा बसचा खर्च साधारण याच घरात जातो. मार्ग २० किलोमीटरचा. दिवसात ९ एकेरी फेऱ्या, म्हणजे १८० किलोमीटर. आगारातून मार्गावर येणं आणि रात्री परतणं यात आणखी २० किलोमीटर प्रवाशांविना. एकूण २००.

किलोभर गॅसवर बस ३ किलोमीटर धावते आणि गॅस ९० रुपये किलो धरला, तर दिवसाचं इंधन ६,००० रुपयांचं. दोन पाळ्या, प्रत्येक पाळीला चालक आणि वाहक, अशा चार ड्यूट्या. रजा आणि भविष्यनिर्वाह निधी धरून एका ड्यूटीचे २,०००, म्हणजे ८,००० रुपये. बस ५० लाखांची, १० वर्षांनी भंगारात २ लाख मिळणार, वर्षाला ३०० दिवस धावणार. मधल्या ४८ लाखांना ३,००० दिवसांनी भागलं की रोजचा घसारा १,६०० रुपये. दुरुस्ती, टायर, विमा, आगार यांचे ४,४००. बेरीज २०,००० रुपये.

या बेरजेत प्रवासी कुठेच नाही. बसमध्ये पाच जण असोत की पन्नास, हे वीस हजार जवळजवळ तसेच राहतात.

प्रवासी येतो तो भाजकात. तिथे डोकी मोजून भागत नाही, अंतर मोजावं लागतं. शंभर जणांना तिकीट दिलं पण प्रत्येक जण ५ किलोमीटरवर उतरला, तर २० किलोमीटरच्या फेरीत सरासरी २५ जणच बसमध्ये होते. आपल्या बसच्या तीन फेऱ्या गर्दीच्या आहेत असं धरू. त्यांत सरासरी ५० प्रवासी. उरलेल्या सहा फेऱ्यांत सरासरी १५, कारण सकाळी सगळे हिंजवडीला जातात आणि तिथून परत येताना बस मोकळी असते. गर्दीच्या फेऱ्यांचे ३,००० प्रवासी-किलोमीटर, बाकीच्यांचे १,८००. एकूण ४,८००. वीस हजारांना ४,८०० ने भागा : एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्याचा खर्च ४ रुपये १७ पैसे.

आता उत्पन्न. जून २०२५ च्या दरवाढीनंतर पीएमपीचं पहिल्या ५ किलोमीटरचं तिकीट १० रुपये झालं. पूर्ण टप्पा जाणाऱ्याकडून किलोमीटरला २ रुपये मिळतात, पासधारकाकडून बहुधा त्याहून कमी. फक्त तुडुंब फेरी बाजूला काढली तरी तिचा खर्च प्रवाशामागे किलोमीटरला २ रुपये २२ पैसे पडतो. म्हणजे आपल्याला दिसणारी ती भरलेली बससुद्धा आपला पूर्ण खर्च काढत नाही. तोटा कसा होतो, याचं उत्तर हे आहे.

मग सहा मोकळ्या फेऱ्यांतली एक कापू. कागदावर तिचा खर्च प्रवाशामागे किलोमीटरला ७ रुपये ४१ पैसे दिसतो, म्हणून कुऱ्हाड तिच्यावरच पडते. वाचतं काय? २० किलोमीटरचा गॅस, ६०० रुपये. टायरची झीज वगैरे धरून आणखी शंभर. चालक-वाहकाची पाळी तशीच चालू, त्यांचा पगार तसाच. बस आगारात उभी राहिली तरी घसारा चालूच. जातं काय? १५ जणांचे ३०० प्रवासी-किलोमीटर आणि त्यांचे ६०० रुपये. हातात राहिले शंभर. खर्च झाला १९,३००, प्रवासी-किलोमीटर उरले ४,५००, आणि प्रवाशामागचा खर्च चढून ४ रुपये २९ पैसे. शिवाय रात्री उशिराची बस गेली, की तिच्या भरवशावर सकाळी बसने जाणारा माणूस दुचाकी घेतो. मग सकाळच्या भरलेल्या फेरीतलाही एक प्रवासी जातो.

फेरी कापण्यात फायदा तेव्हाच, जेव्हा तिच्याबरोबर एक अख्खी पाळी किंवा अख्खी बस वाचते. सुटी फेरी कापून फारसं काही साधत नाही.

भारमानाचा आकडाही डोळे उघडे ठेवून वाचायला हवा. आपल्या बसमध्ये मार्गावर सरासरी २७ प्रवासी आहेत. बसण्याच्या ४० जागा धरल्या तर भारमान ६७ टक्के, उभ्यांसह ६० धरले तर ४४ टक्के. बस एकच, अहवाल दोन. वाहकाच्या मशीनमधून टप्प्याटप्प्याची तिकिटं नेमकी निघतात, पण पासधारक कुठे चढला, कुठे उतरला हे त्यात येत नाही. तो अंदाजाने धरला जातो. पासवाल्या विद्यार्थ्यांनी भरलेली बस म्हणूनच तिकिटांच्या हिशेबात अर्धी रिकामी दिसू शकते. जागा किती धरल्या आणि पास कसे मोजले, हे सांगितल्याशिवाय भारमान सांगूच नये.

खर्च खरोखर उतरवायचा असेल तर सर्वांत मोठा खर्च पाहा : चालक-वाहकांचे ८,०००. हा पैसा तासांचा आहे, किलोमीटरचा नाही. २० किलोमीटरला ८० मिनिटं लागत असतील आणि प्रत्येक फेरीत दहा मिनिटं चौकातल्या कोंडीत जात असतील, तर नऊ फेऱ्यांची ९० मिनिटं झाली. एक अख्खी फेरी रोज सिग्नलला उभी आहे. बसला वेगळी मार्गिका दिली, तीत शिरणाऱ्या मोटारी रोखल्या, वेळापत्रक नीट बसवलं, तर त्याच माणसांत आणि त्याच बसमध्ये दहावी फेरी बसते. तिचा जादा खर्च ७०० रुपये. ती गर्दीच्या वेळी सोडली आणि ५० जणांनी भरली, तर खर्च २०,७००, प्रवासी-किलोमीटर ५,८००. प्रवाशामागे किलोमीटरला ३ रुपये ५७ पैसे. तिकीट न वाढवता, फेरी न कापता साठ पैसे उतरले.

पुण्याने २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट रस्त्यावर देशातला पहिला बीआरटी मार्ग सुरू केला. पुढे याच शहराने नगर रस्त्यावरची बीआरटी उखडली. त्या मार्गिकेचं मोल किती, हे बसच्या ताळेबंदात कधी लिहिलंच जात नाही. बस अडकते रस्त्यावर, रस्ता सांभाळतो दुसराच विभाग, आणि तोटा चढतो बसच्या खात्यावर. अर्थसंकल्पात बससाठी तूट भरून देणाऱ्या महापालिकेने प्रत्येक मोठ्या मार्गाचा सरासरी वेग त्या तुटीशेजारी छापावा. कोंडीत गेलेल्या चालक-वाहकांच्या तासांचे पैसे पथ विभागाच्या नावे दाखवावेत. फेऱ्या कापण्याचा प्रस्ताव त्यानंतर आणावा.