कोड मागणारा मित्र

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत सायबर जागरूकता महिन्याच्या उद्घाटनाला अभिनेते अक्षय कुमार यांनी मुख्यमंत्र्यांसमोर आपल्या मुलीचा प्रसंग सांगितला. ती ऑनलाइन गेम खेळत होती. समोरचा अनोळखी खेळाडू आधी गोड बोलला, छान खेळतेस म्हणाला. मग कुठली म्हणून विचारलं. मग मुलगा की मुलगी. आणि त्यानंतर थेट नग्न फोटो मागितला. तिनं सगळं बंद केलं आणि आईला जाऊन सांगितलं. सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक सायबरचा तास ठेवा, अशी मागणी त्यांनी तिथेच केली.

मागणी रास्त आहे. पण त्या तासाला करायचं काय? फळ्यावर दहा सूचना लिहून वहीत उतरवून घ्यायच्या असतील, तर तो तास गणिताला दिलेला बरा. आपण वर्ध्यात राहतो. हातानं काम करत शिकायचं, हा विचार ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेत याच गावात मांडला गेला. मग सायबरचा तासही मुलांनी हातानं करून पाहायला हवा.

सुरुवात फोनच्या कुलपापासून करावी. आपल्याकडे सातवीतल्या बहुतेक मुलांचा फोन स्वतःचा नसतो, तो बाबांचा असतो. शाळेचा ग्रुप त्यातच, बँकेचे मेसेज त्यातच, पैसे पाठवायचं ॲपही त्यातच. त्यामुळे ‘तुमचा पासवर्ड कुणाला सांगू नका’ हे वाक्य मुलांना लागूच पडत नाही. त्यापेक्षा फळ्यावर हिशेब मांडा. चार आकडी पिन किती प्रकारे होऊ शकतो? ०००० पासून ९९९९ पर्यंत, म्हणजे १०,०००. आता तोच पिन वाढदिवसाची तारीख आणि महिना असेल तर? फार तर ३६६. आणि वाढदिवस ज्याला माहीत आहे, त्याच्यासाठी? एक. वर्गात वाढदिवसाला चॉकलेट वाटलेलं असतं, म्हणजे तो सगळ्यांनाच माहीत आहे. पोरं घरी जाऊन बाबांचा पिन बदलायला लावतील, तेव्हा हा धडा पोचला म्हणायचं.

आता खरा प्रसंग. यावर अर्धा तास गेला तरी चालेल. एका मुलीच्या हातात बाबांचा फोन आहे. वर्गमैत्रिणीच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर मेसेज येतो : ‘अगं, माझा एक कोड चुकून तुझ्या बाबांच्या नंबरवर गेला. पाठव ना लवकर.’ तेवढ्यात खरंच एसएमएस येतो, सहा आकड्यांचा. नाव ओळखीचं, फोटो ओळखीचा, भाषाही रोजचीच. दहा सेकंदांत कोड जातो.

झालं काय, ते मुलांना नीट उलगडून सांगायला हवं. व्हॉट्सॲपचं खातं नंबरावर चालतं. नव्या फोनवर तो नंबर टाकला की नंबराच्या खऱ्या मालकाला सहा आकडी कोड जातो, आणि जो तो कोड टाकेल, त्याच्या हाती खातं. मैत्रिणीचं खातं चोरानं आधीच असं घेतलेलं होतं. आता बाबांचं गेलं. जुन्या गप्पा चोराला दिसत नाहीत, त्या फोनमध्येच राहतात. पण ग्रुप दिसतात, नवे मेसेज त्याच्याकडे जातात. थोड्या वेळानं बाबांच्या नावानं काका-मामांना निरोप जातो : दवाखान्यात आहे, दोन हजार पाठव.

ओळखायचं कसं? कोड ज्याच्या फोनवर आला, तो त्याच्याच खात्याचा असतो. दुसऱ्याचा कोड ‘चुकून’ आपल्याकडे येत नाही, एवढी एक गोष्ट डोक्यात बसली तरी पुरे. आणि मेसेज खरा वाटलाच, तर मैत्रिणीला साधा फोन लावायचा, किंवा उद्या शाळेत विचारायचं. चोराला घाई असते, मैत्रिणीला नसते.

कोड गेलाच, तर उपाय आहे आणि तोही वर्गात करून दाखवता येतो. आपल्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये पुन्हा आपला नंबर टाकायचा आणि नव्यानं आलेला कोड भरायचा. चोर त्याच क्षणी बाहेर पडतो. त्यानं मध्ये स्वतःचा पिन लावून ठेवला असेल, तर आपल्याला सात दिवस थांबावं लागतं, पण तोवर तोही आत नसतो. कुणाचे पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात आणि अडवणं कठीण होतं. आधीच काळजी घ्यायची तर सेटिंगमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून आपला पिन लावून ठेवायचा. मग नुसत्या कोडवर खातं जात नाही. पण हाही पिन कुणी मागितला आणि आपण दिला, तर कुलूप असून नसल्यासारखं.

फोटोंचं मात्र नुसतं बोलून कळत नाही. तान्ह्या पोळ्याचा एक फोटो घ्या, कुणा खऱ्या मुलाचा नको, शिक्षकांनी स्वतः जुळवलेला. मुलगा सजवलेला लाकडी नंदी धरून दारात उभा. मुलांना सांगा, तुम्ही अनोळखी माणूस आहात, यातून काय काय कळतं ते लिहा. दारावरच्या पाटीवर आडनाव. शर्टाच्या खिशावर शाळेचा बिल्ला. मागे किराणा दुकानाची पाटी, तिच्यावर वॉर्डाचं नाव. खाली ओळ : आईबाबा गावाला, मी आजीकडे. फोटो गोड आहे, तो काढू नका असं कुणी म्हणू नये. पाटी आणि बिल्ला कापून, घरच्यांना पाठवा, एवढंच. स्टेटस चोवीस तासांनी जातं, पण त्याचा स्क्रीनशॉट राहतो, हेही त्यांनी करूनच पाहावं.

अनोळखी माणसाकडे येताना पुन्हा त्या गेमकडे जायचं. तिथे पहिले तीन निरोप अगदी साधे होते, म्हणूनच ते अवघड आहेत. मुलांना शिकवायचं ते प्रश्न मोजायला : त्यानं माझ्याबद्दल किती विचारलं आणि मला त्याच्याबद्दल खरं काय कळलं? गाव आणि मुलगा-मुलगी यावर गाडी आली की खेळ थांबवायचा. ‘दुसऱ्या ॲपवर ये’ किंवा ‘घरी सांगू नको’ आलं, तर आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक, मग घरी सांगणं.

आणि इथेच बहुतेक धडे फसतात. मूल घरी सांगत नाही, कारण सांगितलं की फोन जातो आणि वर दोन धपाटे बसतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं २०२२ मध्ये अठराखालच्या मुलांना मोबाइलच बंद केला. त्यांची काळजी मला समजते, पण मला तो मार्ग पटत नाही. बंदी मोडून फोन घेतलेलं मूल संकटात सापडलं, तर ते बोलणार कुणाशी? गेम खेळणाऱ्या त्या मुलीनं आईला सांगितलं, कारण आई ओरडणार नाही याची तिला खात्री असावी.

म्हणून वर्गाची प्रतिज्ञा एकतर्फी नको. मुलांनी म्हणावं : ‘माझ्या घरच्या फोनवर आलेला कोड मी कुणालाही पाठवणार नाही, मित्रालासुद्धा नाही. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवणार नाही. खेळात भेटलेल्या माणसाला गाव, शाळा, फोटो देणार नाही. चूक झाली तर त्याच दिवशी सांगेन.’ आणि त्याच कागदावर, त्याखाली, शिक्षकांनी आणि पालकांनी लिहून द्यावं : ‘तू सांगितलंस म्हणून तुला मारणार नाही आणि फोन काढून घेणार नाही. आधी ऐकून घेईन, मग आपण मिळून तक्रार करू.’ मोठ्यांच्या सह्या पालकसभेत आधी घ्याव्यात, मुलांच्या नंतर.