जमिनीला जमीन, पण कोणती?

शेतीच्या विक्रीवर कर नसतो, हे वाक्य मंठ्यात चहाच्या टपरीपासून दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायरीपर्यंत कुणीही छातीठोक सांगतं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात शेतकऱ्याचे लाखो रुपये जातात. खालचा बापलेकाचा संवाद कुणा एका घरातला नाही. आकडेही हिशेबाला सोपे पडावेत असे धरले आहेत. नियम मात्र खरे आहेत.

तीन एकर वडिलोपार्जित शेत, सातबाऱ्यावर अण्णा आणि त्यांची बहीण. नोव्हेंबर २०२५ मध्ये ८० लाखांना खरेदीखत झालं. अण्णांच्या वाट्याला ४० लाख आले, पण हातात पडले ३९ लाख ६० हजार.

“घेणाऱ्यानं चाळीस हजार काहून कापले?”

“अण्णा, तो एक टक्का टीडीएस. व्यवहार पन्नास लाख किंवा त्यावरचा असला की कापावाच लागतो. पण ग्रामीण शेतजमीन असती तर कापायचं कारणच नव्हतं. म्हणजे त्याच्या वकिलानं आपलं शेत शहरी धरलंय.”

“शहरी? तिथं आता आतापर्यंत सोयाबीन उभं होतं!”

अण्णांचा राग मला पटतो, पण आयकर कायदा आधी अंतर बघतो, पीक नंतर. मंठा नगरपंचायत आहे आणि लोकसंख्या दहा हजारांच्या वर, लाखाच्या आत. अशा गावाच्या हद्दीतली शेतजमीन आणि हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आतली शेतजमीन आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ता ठरते. लाख ते दहा लाखांच्या शहराभोवती हे अंतर सहा किलोमीटर, त्यापुढच्या शहराभोवती आठ. या रेषेबाहेरच्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागतच नाही.

“पण आपलं शेत रस्त्यानं तीन किलोमीटर भरतं.”

“रस्त्यानं मोजत नाहीत, अण्णा. सरळ रेषेत मोजतात, आणि बसस्टँडपासून नाही, नगरपंचायतीच्या हद्दीपासून. नकाशावर ते पावणेदोनच भरतंय.”

हा बदल २०१३ च्या वित्त कायद्याने आला. त्याआधीच्या व्यवहारांना रस्त्याचंच अंतर धरायचं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, पण आजच्या विक्रीला त्याचा उपयोग नाही. सौदा ठरायच्या आधी हद्दीपासूनचं सरळ अंतर काढून घ्यायला हवं. नंतर मोजून फक्त मनस्ताप होतो.

“बरं, शहरी तर शहरी. वडिलोपार्जित आहे ना? आपण कुठं विकत घेतली होती?”

वडिलोपार्जित असल्याने कर माफ होत नाही. खरेदीची किंमत शून्य धरतात, असंही नाही. १ एप्रिल २००१ पूर्वीपासून घरात असलेल्या जमिनीला त्या दिवशीचं बाजारमूल्य किंमत म्हणून धरता येतं. फक्त त्या वेळच्या मुद्रांक मूल्याहून जास्त धरता येत नाही. अण्णांच्या हिश्श्याचं ते मूल्य दोन लाख धरू. नफा झाला ३८ लाख. दुसरं करपात्र उत्पन्न नसल्याने नव्या करप्रणालीतली चार लाखांची मर्यादा यातून वजा होते. उरलेल्या ३४ लाखांवर साडेबारा टक्क्यांनी सव्वाचार लाख, त्यावर चार टक्के उपकर, एकूण ४ लाख ४२ हजार. महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा जुना हिशेबही करून बघता येतो, पण इथे तो जास्त भरतो. कापलेले चाळीस हजार यातूनच वळते होतील.

“मग आपण जालन्यात तुझ्या नावानं पंचवीस लाखांचा एनए प्लॉट घेतोय, तो दाखवू की. जमिनीला जमीन.”

“नाही चालत, अण्णा. एकदा नाही, दोनदा नाही चालत.”

इथेच सगळ्यात जास्त माणसं फसतात. कलम ५४ब ची सवलत शेतजमिनीच्या बदल्यात घेतलेल्या शेतजमिनीलाच आहे. एनए प्लॉट त्यात बसत नाही. सातबाऱ्यावर अजून शेती लिहिलेला दोन गुंठ्यांचा तुकडा ‘शेतीच आहे हो’ म्हणून विकणाऱ्या प्लॉटिंगवाल्यावर तर अजिबात विसंबू नका, कारण नवी जमीन शेतीसाठी घेतली पाहिजे, असं कायदा म्हणतो. प्लॉटवर तीन वर्षांत घर बांधलं तर कलम ५४फ ची वेगळी सवलत मिळू शकते. रिकामा प्लॉट मात्र दोन्हीकडून बाहेर.

दुसरी अडचण नावाची. शेतजमीन विकून दत्तक मुलाच्या नावावर घर घेतलेल्या एका वडिलांना ५४फ ची सवलत नागपूर खंडपीठाने २००८ मध्ये नाकारली. ज्याचा नफा, त्याच्याच नावावर नवी मालमत्ता, असा त्याचा अर्थ. इतर काही उच्च न्यायालयांनी पत्नीच्या नावावरच्या खरेदीला सैल हाताने घेतलं आहे, पण महाराष्ट्रात राहून त्या भरवशावर मुलाच्या नावाने खरेदी करणं म्हणजे भांडण विकत घेणं. पुढे मुलाला द्यायचीच आहे, हे कारण तिथे टिकलं नाही.

“मग काय करायचं?”

“तुमच्या नावावर शेत घ्या. विक्रीच्या तारखेपासून दोन वर्षं आहेत. परतूर, लोणार, कुठंही. दोन किलोमीटरच्या बाहेरचंही चालतं. अडतीस लाखांचं घेतलं तर कर शून्य.”

आणि पंचवीस लाखांचंच घेतलं तर? नफ्यातले १३ लाख उरतात, त्यातून चार लाख वजा, राहिलेल्या नऊ लाखांवर उपकरासह १ लाख १७ हजार. विक्रीआधीची दोन वर्षं त्या रानात स्वतः किंवा आईवडिलांनी शेती केली होती, हे मात्र दाखवावं लागतं. ई-पीक पाहणी न केल्याने सातबाऱ्यावर पीक कोरं राहिलं असेल, तर प्रश्न तिथूनच सुरू होतो. बाजार समितीच्या काट्याच्या पट्ट्या आणि बियाणं-खताची बिलं अशा वेळी कामाला येतात. त्यामुळे शेत विकलं म्हणून ती रद्दीत घालू नयेत.

शेत लगेच मिळालं नाही, तर ३१ जुलैच्या आत, विवरणपत्र भरण्यापूर्वी, उरलेली रक्कम बँकेत ‘कॅपिटल गेन्स’ खात्यात टाकावी लागते. हे खातं बँकांच्या ग्रामीण शाखांत उघडत नाहीत, तेव्हा आपल्या शाखेत आधीच विचारून घ्यावं. बचत खात्यात किंवा साध्या मुदत ठेवीत पडलेले पैसे कितीही प्रामाणिकपणे शेतासाठी राखलेले असोत, कायदा ते मोजत नाही.

अण्णा एकदम थांबले. “तुझ्या आत्याचे चाळीस लाख?”

“आत्याचा हिस्सा, आत्याचा नफा, आत्याचा कर. तिचा हिशेब वेगळा भरायचा आणि तिला शेत घ्यायचं असेल तर तिच्याच नावावर. कुठं ठेवलेत पैसे तिनं?”

“परभणीच्या बँकेत. पाच वर्षांची ठेव केली म्हणत होती.”

“मग आधी तिला फोन लावा, अण्णा. प्लॉटवाल्याला उद्या बोलू.”